‘मेहनती आहे हो!’

प्रथम सत्राचा निकाल लागला की पालकभेटीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘डोकं चांगलं आहे, पण अभ्यास करत नाही.’ हे ऐकून आई वरवर डोळे वटारते आणि आतून सुखावते. दुसरं, ‘मेहनती आहे हो!’ त्या ‘हो’मध्ये काय ते सगळं येऊन जातं. बाप मान खाली घालून सही करतो आणि ‘जरा लक्ष असू द्या’ म्हणून निघतो. प्राथमिक शाळेतल्या नोकरीत हे दुसरं वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल, त्याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी चांगल्या मनानंच म्हटलं. आईच्या पदराला धरून शेजारी उभं असलेलं मूल काय ऐकतंय, याचा विचार मात्र फार उशिरा सुचला.

डी.एड.ला आम्ही एरिक एरिक्सनच्या आठ अवस्था तक्ता करून पाठ केल्या होत्या. चौथ्या ओळीत ‘सहा ते बारा वर्षं, उद्योगशीलता विरुद्ध न्यूनगंड’. चार गुणांचा प्रश्न असायचा. तक्त्यात न मावणारी गोष्ट अशी, की हे लिहिणारा माणूस स्वतः एका प्रयोगशील शाळेत मास्तर होता. पंचविशीपर्यंत चित्रं काढत युरोपभर भटकलेल्या आणि विद्यापीठाची पदवी न घेतलेल्या एरिक्सनला १९२७ साली मित्रानं व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला बोलावलं. तिथे मुलं एखादा विषय घेऊन आठवडेच्या आठवडे त्यावर काम करत. मनोविश्लेषणाचं शिक्षण त्यानं व्हिएन्नातच घेतलं. पुढे अमेरिकेत गेल्यावर १९५० साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ हे पुस्तक आलं आणि त्यात या आठ अवस्था.

फ्रॉइडच्या लेखी सहा ते बारा हा काळ शांत, सुप्त असतो. एरिक्सनला तिथेच खरी खळबळ दिसली. या वयात जगातल्या कुठल्याही समाजात मुलाला काही ना काही पद्धतशीर शिकवायला सुरुवात होते. कुठे तीर मारायला, कुठे मासे पकडायला, कुठे अक्षरं गिरवायला. आपल्या माणसांची अवजारं आपल्याला वापरता येतात, हाती घेतलेलं काम तडीस जातं, हा अनुभव आला तर मूल स्वतःला कामाचं समजू लागतं. नाही आला तर ‘मला जमत नाही’ हे वाक्य हळूहळू ‘मी तसाच आहे’ असं होतं. तक्त्यातल्या ‘विरुद्ध’ या शब्दाचा अर्थ एवढाच. आणि एरिक्सननं एक धोका तेव्हाच नोंदवून ठेवला होता. आपली शिकण्याची इच्छा नव्हे, तर कातडीचा रंग, आईबापांची पार्श्वभूमी किंवा अंगावरचे कपडे आपली किंमत ठरवतात असं मुलाला वाटू लागलं, की नुकसान खोलवर होतं. आपल्या वर्गात कोण कुठल्या बाकावर बसतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग या वयात शिक्षकानं मेहनतीचं कौतुक करावं, यात चूक काय? इथे एक बारकावा आहे. लहान मूल आणि दहा-अकरा वर्षांचं मूल ‘मेहनत’ हा शब्द एकाच अर्थानं ऐकत नाही. जॉन निकोल्स या संशोधकानं १९७८ साली यावर काम प्रसिद्ध केलं. मुलांना एक दृश्य दाखवायचं. दोन मुलं गणितं सोडवतायत. एक मान खाली घालून सोडवतोय, दुसरा मध्येच इकडेतिकडे बघतोय. दोघांना गुण सारखेच. हुशार कोण? सहा-सात वर्षांची मुलं सांगतात, मान खाली घालून बसलेला. त्यांच्या लेखी जो जास्त करतो तोच हुशार, दोन्ही गोष्टी एकच. अकरा-बाराच्या सुमारास उत्तर उलटतं. सारख्याच गुणांसाठी ज्याला कमी राबावं लागलं तो हुशार, आणि दुसऱ्याला डोकं कमी म्हणून घासावं लागलं. म्हणजे पहिलीतल्या पोराला ‘किती मेहनत केलीस!’ म्हटलं तर ते फुलतं. तेच वाक्य पाचवीतल्या पोराच्या कानात ‘तुला बाकी काही नाही’ असं उतरू शकतं. आपली पोरं चौथी ते सहावीच्या दरम्यान हा उंबरठा ओलांडतात, आणि आपण मात्र तेच वाक्य घेऊन उभे.

सँड्रा ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा शिक्षकांच्या वागण्यापर्यंत नेला. १९८७ च्या त्यांच्या अभ्यासात मुलांना वर्गाची चित्रफीत दाखवली होती. दोन मुलं सोपं गणित बरोबर सोडवतात. बाई एकाचं भरभरून कौतुक करतात, दुसऱ्याला फक्त ‘बरोबर’ म्हणतात. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या मते कौतुक झालेला जास्त हुशार. अकरा-बारा वर्षांची मुलं नेमकं उलट सांगतात, एवढ्याशा गोष्टीचं कौतुक होतंय म्हणजे बाईंना त्याच्याकडून अपेक्षाच नाही. गणित चुकल्यावर रागावणं खाल्लेला आणि न खाल्लेला यांच्यातही मोठ्या मुलांना रागावणं खाल्लेलाच वरचढ वाटला. बाई रागावल्या, म्हणजे त्याला येऊ शकतं असं त्या मानतात. ‘बिचाऱ्याला नका बोलू, तो करतो त्याच्या परीनं’ हे वाक्य मुलाला छडीपेक्षा कसं लागत असेल, याचा अंदाज मला हे वाचल्यावर आला. (मी छडीची वकिली करत नाही. दया फुकट नसते, एवढंच.)

आता कुणी कॅरल ड्वेकचं नाव घेईल, आणि घ्यायलाच हवं. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. नंतर काहींना ‘तू हुशार दिसतोस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलेली दिसते’. पुढची कोडी मुद्दाम अवघड होती, सगळेच आपटले. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेली मुलं आधीपेक्षा खाली गेली आणि ‘मेहनत’वाली वर आली. आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायचे होते, तेव्हा ‘हुशार’ गटातल्या सुमारे ३८ टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. ‘मेहनत’ गटात हे प्रमाण १३ टक्के होतं. यावरून जगभर ‘हुशारी नको, मेहनतीचं कौतुक करा’ अशी पाटी लागली. पुढच्या अभ्यासांत परिणाम बराच लहान निघाला, २०१९ मध्ये चिनी मुलांवर प्रयोग करणाऱ्यांना तो जवळपास सापडलाच नाही. मला त्यात नवल वाटत नाही. मूळ प्रयोगात कौतुक झालं ते ‘खूप चांगले गुण मिळाले’ असं मुलाला सांगितल्यावर. आपण मेहनतीचं कौतुक करतो ते मूल नापास झाल्यावर, सांत्वन म्हणून. ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

माझ्या चौथीच्या वर्गातलं एक पोर सांगतो. वजाबाकीच्या चाचणीत दहापैकी चार. शेऱ्यात मी लिहिलं, ‘अधिक सराव आवश्यक’. आईनं ते मनावर घेऊन दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडून वहीभर वजाबाक्या करवून घेतल्या. नोव्हेंबरात पुन्हा चाचणी घेतली. पुन्हा चार.

तेव्हा कुठे मी गुण सोडून उत्तरं बघितली. ४२ वजा १७, उत्तर ३५. ८१ वजा ५६, उत्तर ३५. ५०३ वजा २६७, उत्तर ३६४. पोर आळशी नव्हतं, वेंधळंही नव्हतं. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, वर कुठला आणि खाली कुठला हे बघायचंच नाही, असा त्याचा पक्का नियम होता. ५०३ मध्ये ३ आणि ७ चा फरक ४, ० आणि ६ चा फरक ६, ५ आणि २ चा फरक ३. नियम एकदाही मोडलेला नाही. बिनहातच्याच्या चार वजाबाक्यांत हाच नियम बरोबर उत्तर देतो, म्हणून चार गुण. हातच्याच्या सहांत चूक उत्तर देतो. सुट्टीतल्या मेहनतीनं त्याचा हा नियमच घोटून पक्का झाला होता. ‘अजून मेहनत कर’ म्हणजे आणखी चुका कर, असं मी त्याला लिहून दिलं होतं आणि त्यानं ते इमानानं पाळलं होतं. त्याच्या जागी बसून विचार करा. सांगितलं तेवढं सगळं केलं, तरी चारच. मग दोष कशात उरला? एरिक्सनचा न्यूनगंड असा येतो, अगदी तर्कशुद्ध वाटेनं.

गंमत अशी की त्याची आई आठवडी बाजारात भाजी विकायची आणि हा गल्ल्यावर बसायचा. मी विचारलं, २६७ रुपयांची भाजी झाली, गिऱ्हाईकानं ५०३ दिले, परत किती? त्यानं बोटं मोजली. २६७ ला तीन दिले की २७०, तीस दिले की ३००, वर दोनशे, आणि ते सुटे तीन. ‘दोनशे छत्तीस.’ मी वही पुढे सरकवली. स्वतःचं ३६४ बघून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, इतके दिले तर आई मारंल.’

काड्यांचे गठ्ठे काढले. शंभराचे पाच गठ्ठे, सुट्या तीन काड्या, दहाचा गठ्ठा एकही नाही. त्यातून सात सुट्या काढून दे म्हटल्यावर त्यानं शंभराचा गठ्ठा सोडून दहा-दहाचे दहा बांधले, त्यातला एक पुन्हा सोडला. जवळ चार शंभर, नऊ दहा आणि तेरा सुट्या. शून्याच्या जागी नऊ का येतात, हे त्याला तेव्हा हातांनी कळलं. मी ‘शाब्बास, हुशार आहेस’ म्हटलं नाही आणि ‘छान मेहनत केलीस’ही म्हटलं नाही. म्हटलं, ‘गठ्ठा कुठे सोडलास ते वहीत दाखव.’ त्यानं पाच खोडून वर चार लिहिला. पुढच्या आठवड्यात आठ आले. चुकलेल्या दोन्हींत वरच्या संख्येत लागोपाठ दोन शून्यं होती, म्हणजे पुढचा धडा काय ते त्यानंच सांगितलं.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून आम्हाला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात. कल्पना मुळात उत्तम, एरिक्सन मास्तरला आवडली असती. पण एका वर्गात चाळीस पोरं, एकेकाचे सात-आठ विषय, वर ऑनलाइन माहिती भरायची. मग तयार नोंदींची यादी मोबाइलवर फिरते आणि ‘प्रयत्न करतो’, ‘सुधारणा आवश्यक’, ‘सरावाची गरज’ या तीन शेऱ्यांत अर्धा वर्ग बसतो. यात शिक्षकांचा आळस कमी आणि वेळेचा हिशेब जास्त आहे. तरी त्या मुलाच्या नोंदीत ‘प्रयत्न करतो’ लिहायला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच वेळात ‘हातचा घेत नाही, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो’ हेही लिहून झालं असतं. पहिली नोंद मुलाबद्दल आहे, दुसरी कामाबद्दल. पहिली वाचून आईनं काय करायचं?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात प्रगतिपुस्तक आलेलं असेल. शेरा वाचण्याआधी उत्तरपत्रिका मागून घ्या. चुकलेली तीन उत्तरं शेजारी शेजारी लिहा आणि पोराला एवढंच विचारा, ‘हे कसं काढलंस, मला दाखव.’ ते दाखवेल. मध्ये बोलू नका.