चार जन्मदाखल्यांचं एक बेअरिंग

मोबाइल खाली ठेवा. चहा नंतर. आधी माझ्या हातात काय आहे ते बघा.

बेअरिंग. नंबर ६२०५. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५, दोन्ही बाजूंना रबरी सील. गेल्या आठवड्यात ग्राइंडिंगचं मशीन दीड दिवस बंद पडलं ते ह्याच्यापायी. ईआरपीत स्टॉक शून्य दिसला, म्हणून पर्चेसने बाजारात माणूस पिटाळला आणि चढ्या भावाने ६ नग आणले. त्या वेळी ह्याच स्टोअरच्या तिसऱ्या रॅकमध्ये ३४ नग खोक्यात धूळ खात होते. स्टोअरवाले, मान खाली घालू नका, तुम्ही एकटे नाही ह्यात.

मी काल रात्री बसून आयटम मास्टर उपसला. ह्या एका बेअरिंगचे चार कोड निघाले:

```
BEARING 6205 2RS
BRG 6205-2RSH SKF
6205 DDU NSK
BALL BEARING 25X52X15
```

एकाच पोराचे चार जन्मदाखले! एसकेएफ रबरी सीलला 2RSH म्हणते, एनएसके DDU म्हणते. बिलावर जे छापलं होतं ते तुम्ही तसंच्या तसं टाइप केलं. चौथा कोड ज्याने उघडला त्याने नंबर वाचायचेही कष्ट घेतले नाहीत, पट्टी लावली आणि मापं लिहिली. “सर, सर्च केलं होतं, सापडलं नाही.” कसं सापडेल? तुम्ही `BEARING` शोधलंत, मास्टरमध्ये `BRG` आहे. तुम्ही `62052RS` टाकलंत, तिथे मध्ये एक जागा सोडलेली आहे.

आता ह्याने काय होतं ते ऐका, कारण “स्टॉक थोडा विखुरला, एवढंच ना” हे उत्तर मी मघाशी दारातच ऐकलं. एवढंच नाही. मटेरियल प्लॅनिंग रॅककडे बघत नाही, कोडकडे बघतं. एका कोडवर शून्य दिसलं की ते खरेदीची मागणी काढतं. शेजारच्या कोडवर ३४ आहेत ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ते तरी दिसतं. न दिसणारं नुकसान खपाच्या आकड्यात आहे. वर्षाला ४८ नग लागतात; ते चार कोडांत वाटले की प्रत्येकावर जेमतेम डझनभर खप दिसतो. प्लॅनिंगवाल्याने रिपोर्ट काढला, “स्लो मूव्हिंग” असा शेरा मारला आणि रीऑर्डर लेव्हल उतरवली. म्हणजे माल पडून राहतो तोही ह्याच कारणाने आणि संपतो तोही ह्याच कारणाने.

मग लगेच एक उत्साही हात वर झाला: “सर, ६२०५ नावाचे सगळे कोड एकत्र करून टाकू.” बसा खाली! ६२०५ ZZ हे वेगळं बेअरिंग आहे. त्याला पत्र्याची शील्ड असते, ती कूलंटचं पाणी अडवत नाही. ग्राइंडिंगवर ते बसवलं तर ग्रीस धुऊन जाईल आणि महिन्याभरात मशीन पुन्हा बंद. पुढे C3 लिहिलं असेल तर आतली क्लिअरन्स जास्त असते, तेही वेगळं. मापं तीच, माल निराळा. कुठले दोन कोड खरोखर एक आहेत हे ठरवायला बेअरिंग कळावं लागतं. म्हणूनच आयटमची मालकी आयटी विभागाची नाही. आयटीवाला वाड्याचा राखणदार, त्याला घरातली वाटणी विचारू नका.

मी विचारलं, हा रेकॉर्ड कोणाचा? मेंटेनन्सने पर्चेसकडे बोट दाखवलं, पर्चेसने स्टोअरकडे, स्टोअरने अकाउंट्सकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी, हा तर चार घरचा. कोड उघडायचा हक्क अकरा जणांना आणि तो नीट ठेवायची जबाबदारी कोणालाच नाही. लिहून घ्या: ह्या मालाचं वर्णन, सील, क्लिअरन्स आणि चालणारे ब्रँड मेंटेनन्सच्या इंजिनिअरने ठरवायचे. रीऑर्डर लेव्हल प्लॅनिंगची. एचएसएन आणि व्हॅल्युएशन अकाउंट्सचं. पण नवा कोड उघडणारं बोट एकच, आणि त्याने आधी शोध घ्यायचा तो नावावर नाही, मापांवर आणि सीलच्या प्रकारावर. ब्रँड वर्णनात येणार नाही, त्याला वेगळा रकाना आहे. वर्णनाला मोजून ४० अक्षरं मिळतात. त्यात कंपनीची जाहिरात कशाला?

अकाउंट्सवाले हसतायत. हसा. तुमच्या दारातही तेच आहे. एका जॉबवर्कवाल्याला पर्चेसने दुकानाच्या नावाने उघडलं, तुम्ही मालकाच्या नावाने. त्याचं एकच बिल दोन्ही खात्यांत चढलं आणि दोनदा पैसे गेले. सिस्टिम तेच बिल दुसऱ्यांदा आलं की ओरडते हे खरं, पण ती एकाच व्हेंडर कोडखाली तपासते. कोड दोन म्हटल्यावर तिच्या लेखी माणसं दोन. मार्चअखेर बॅलन्स कन्फर्मेशन मागवलं तेव्हा तो बिचारा स्वतःच म्हणाला की जास्त आलेत.

नावं जुळवत बसू नका, जीएसटी नंबर जुळवा. १५ अक्षरं: पहिली २ राज्याची, पुढची १० पॅनची. तोच नंबर दोन कोडांवर दिसला तर संशयाने बघा. पॅन एक पण सुरुवातीला एकीकडे २७ आणि दुसरीकडे २४, तर ती महाराष्ट्रातली आणि गुजरातमधली नोंदणी. डुप्लिकेट म्हणून उडवू नका. जीएसटी नसलेला छोटा टेम्पोवाला असेल तर पॅनशिवाय कोड नाही. आणि बँक खातं बदलण्याचं पत्र ईमेलने आलं तर पत्रातल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. व्हेंडर उघडणारा आणि पेमेंट सोडणारा एकच माणूस असेल, तर मला पुढचं काही सांगायचंच नाही.

सेल्सवाल्यांचं थोडक्यात: एका ग्राहकाचे दोन कोड म्हणजे दहा लाखांची उधारी मर्यादा वीस लाखांची झाली. ती मर्यादा तुमची नव्हे, फायनान्सची.

आता कामाला लागा. चारपैकी पहिला कोड ठेवायचा. बाकी तिघांवर आजच खरेदी बंद. रॅकमधला माल मोजून ३०९ मूव्हमेंटने पहिल्या कोडवर घ्या. उघड्या ऑर्डरी बघा, स्पेअर्सच्या यादीत जुने कोड कुठे अडकलेत ते बदला. सगळं शून्य झाल्यावरच डिलीशन फ्लॅग, त्याआधी नाही. जुन्या हिशेबाचे व्यवहार त्या कोडांवर आहेत, ते राहणारच.

आणि वर्णनाच्या पुढे `DO NOT USE` लिहून हात झटकायची ती तुमची युक्ती बंद करा. असा एक कोड मला काल सापडला. त्याच्यावर गेल्या सोमवारी १२ नगांची ऑर्डर गेली आहे.