मागून काढलेले रीडिंग

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुले प्रवेशाच्या धावपळीतून वर्गात येऊन बसली, की त्यांना इंडक्शनच्या भाषणांत वेळेचे नियोजन, इंग्रजी आणि कोडिंग यांविषयी भरपूर ऐकायला मिळते. फिजिक्सच्या जर्नलविषयी कोणी बोलत नाही. खरे तर अभियंत्याची एक सवय त्या जर्नलमध्ये पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पक्की होते आणि ती पुढे सहसा सुटत नाही.

न्यूटन रिंग्जचा प्रयोग घ्या. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात वर्तुळे दिसतात, मायक्रोस्कोप सरकवत त्यांचे व्यास मोजायचे आणि त्यावरून तरंगलांबी काढायची. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असते: ५८९.३ नॅनोमीटर. समजा भिंगाची वक्रतात्रिज्या १ मीटर आहे. एका मुलीला पाचव्या काळ्या वर्तुळाचा व्यास ३.४१ मिलिमीटर आणि पंधराव्याचा ५.९८ मिलिमीटर मिळाला. व्यासांच्या वर्गांतला फरक २४.१३ आला, त्याला ४०,००० ने भागले की तरंगलांबी सुमारे ६०३ नॅनोमीटर निघते. चूक अडीच टक्क्यांच्या आतली आहे. पण शेजारच्याने सीनियरच्या जर्नलवरून ५.९५ आणि ३.४३ हे आकडे उतरवलेले असतात. त्याचे उत्तर जवळजवळ तंतोतंत येते आणि त्यालाच दहापैकी नऊ मिळतात. पुढच्या आठवड्यात ती मुलगीही उत्तरावरून उलटे गणित करून रीडिंग काढू लागते.

इथे तिच्या हातून काय निसटले, ते पाहायला हवे. ६०३ का आले, हे शोधले असते तर तिला बॅकलॅश कळला असता. मायक्रोस्कोपचा स्क्रू एका दिशेने फिरवताना मध्येच उलटा फिरवला, तर आट्यांमधल्या फटीमुळे स्क्रू थोडा फिरतो, पण मायक्रोस्कोप हलत नाही. म्हणून डावीकडच्या पंधराव्या वर्तुळापासून उजवीकडच्या पंधराव्यापर्यंत एकाच दिशेने जायचे असते. हे वाक्य प्रत्येक मॅन्युअलमध्ये छापलेले असते, पण ज्याचे उत्तर एकदा चुकले आहे त्यालाच ते खरे समजते.

चार-सहा वर्षांनी हाच मुलगा किंवा मुलगी साइटवर क्यूब रजिस्टर भरते. एम २५ काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. तीन ठोकळे ६४०, ६५५ आणि ५९० किलोन्यूटनला फुटले, तर ताकद साधारण २८.४, २९.१ आणि २६.२ येते. काँक्रीट असेच वागते. वाळूतला ओलावा, पाण्याचे प्रमाण आणि ठोकळा भरणारा हात रोज बदलतो. आयएस ४५६ या भारतीय संहितेत या प्रतीसाठी प्रमाण विचलनच ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरलेले आहे. म्हणून महिनाभर २८.४, २८.५, २८.४ असेच आकडे सांगणारे रजिस्टर जाणत्या माणसाला लगेच खटकते. अशा रजिस्टरमागे चांगले काँक्रीट असण्यापेक्षा बसल्या जागी भरलेले रकाने असण्याची शक्यता अधिक.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या मुलांना याचे मोठे उदाहरण जवळच आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याला बाहेर पडतो. त्यातला घणसोली ते शीळफाटा हा सुमारे ४.९ किलोमीटरचा भाग सुरुंग लावून, ‘नाटम’ पद्धतीने खोदला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. या पद्धतीत खडकाला आधार किती द्यायचा, हे सगळे आधीच ठरवून टाकता येत नाही. स्फोटानंतर भिंतीवर खुणा बसवून त्यांच्यातले अंतर पुन्हा पुन्हा मोजतात. हालचाल मंदावत गेली तर दिलेला आधार पुरेसा असतो. ती वाढू लागली तर आणखी रॉक बोल्ट आणि शॉटक्रीट लागते. म्हणजे कामगारांच्या डोक्यावरचे छत काही अंशी कोणाच्या तरी वहीतल्या मिलिमीटरवर अवलंबून असते. इथे ‘अपेक्षित’ आकडा लिहिणारा माणूस धोक्याची पहिली खूणच पुसून टाकतो.

दोष एकट्या मुलांच्या माथी मारणे मात्र अन्याय्य आहे. वीस जणांच्या बॅचला दोन मायक्रोस्कोप, दोन तासांची वेळ आणि बरोबर उत्तरालाच गुण असतील, तर नक्कल हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. उपायाला फारसा खर्च नाही. रीडिंग शाईने कच्च्या वहीत लिहायचे. चुकले तर एक रेघ मारून बाजूला नवे लिहायचे, खोडायचे नाही. शिक्षकांनी त्याच वहीवर प्रयोगशाळेतच सही करायची. आणि दहापैकी चार गुण उत्तराला न देता, ते ५८९ ऐवजी ६०३ का आले, याच्या चार ओळींच्या स्पष्टीकरणाला द्यायचे.