रांगेतली भोवळ आणि मनगटावरचा आलेख

स्वस्थ बसा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी टेकवा. ठोका सापडला की मोजू नका. थोडा वेळ तो नुसता जाणवू द्या.

आता मनानं लालबागला चला. गणेशोत्सवातली रात्र आहे. १९३४ पासून इथे बसणाऱ्या राजाच्या नवसाच्या रांगेत तुम्ही कित्येक तास उभे आहात. हवा दमट आहे, पोटात उपास आहे आणि रांग हलत नाही. लक्ष पायांकडे न्या. माणूस उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली, पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. चालताना पोटऱ्या आवळतात आणि ते वर ढकलतात. खोळंबलेल्या रांगेत पोटऱ्या स्वस्थ असतात. त्यात घामानं अंगातलं पाणी गेलेलं, उकाड्यानं त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या. हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडू लागतं, म्हणून शरीर इतर रक्तवाहिन्या आवळतं आणि ठोके वाढवतं. हा सांभाळ बराच वेळ टिकतो.

समजा, तुमच्या पुढे एक तरुण उभा आहे. त्याच्या मनगटावर घड्याळ आहे आणि रांगेत शिरतानाच त्यानं व्यायामाची नोंद सुरू केली आहे. नोंद सुरू नसती, तर बरीच घड्याळं काही मिनिटांनी एकदाच नाडी पाहतात, आणि पुढचा सगळा प्रकार दोन ठिपक्यांच्या मध्ये हरवला असता. त्याची नाडी बराच वेळ ९० च्या आसपास आहे. मग ती १०० होते, ११५ होते. तो जांभई देतो. कपाळावर गार घाम येतो, मळमळतं, चेहरा पांढराफटक पडतो, आवाज दूर गेल्यासारखे वाटतात.

इथे थांबा. या घडीला सांभाळ उलटतो. आवळलेल्या रक्तवाहिन्या एकाएकी सैल सुटतात, आणि व्हेगस नावाची नस हृदयाला आवरते. आलेखावर ११५ वरून थेट ५० ची उतरण दिसते, आणि मग रेघच तुटते. कधी अशा वेळी हृदय खरोखर काही सेकंद थांबतं. पण रेघ तुटायला तेवढंच कारण नसतं. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेतल्या रक्ताची भरती-ओहोटी पाहतं. दाब कोसळला की मनगटात पोचणारी लाट इतकी क्षीण होते की हृदय चालू असूनही ती घड्याळाला दिसत नाही. पडताना हात झटकला तरी खुणा पुसतात. शिवाय पडद्यावरचा आकडा बहुधा काही सेकंदांची सरासरी असतो, त्यामुळे तीन-चार सेकंदांचा थांबा त्यात बुडून जातो. रिकामी जागा पाहून ‘हृदय बंद पडलं होतं’ असं म्हणता येत नाही, आणि ‘पडलं नव्हतं’ असंही नाही.

आणखी एक गोष्ट सावकाश मनात उतरू द्या. शुद्ध जाते ती मेंदूचा रक्तपुरवठा पाच-दहा सेकंद तुटला म्हणून, आणि तो तुटतो दाब कोसळल्यामुळे. या भोवळीला ‘व्हॅसोव्हेगल’ हे नाव देणाऱ्या थॉमस लुईस यांनी १९३२ मध्येच नोंदवलं होतं, की अ‍ॅट्रोपिन देऊन नाडी वाढवली तरी दाब खालीच राहतो. म्हणजे नाडीचा आलेख कितीही स्वच्छ असला, तरी भोवळीचं मुख्य कारण त्यावर उमटतच नाही.

तरुण आडवा झाला की रक्त छातीकडे परततं आणि बहुधा मिनिटभरात तो डोळे उघडतो. रेघ पुन्हा उमटते, ६० च्या घरात. नाडी लगेच पूर्ववत होईलच असं नाही. थकवा आणि मळमळ बराच वेळ रेंगाळते. घाईनं उठवलं तर तो पुन्हा पडू शकतो.

मला सगळ्यात काळजी वाटते ती रांगेतल्या मायेची. गर्दीत पडायला जागा नसते, आणि शेजारचे प्रेमानं त्याला काखेत धरून उभा ठेवतात. असा उभा धरलेल्या माणसाच्या मेंदूकडे पुरेसं रक्त चढत नाही. बेशुद्धी लांबते, झटकेही येऊ शकतात, आणि लोकांना ती फिट वाटते.

म्हणून रांगेत जांभया आणि गार घाम सुरू झाला, तर पायांची अढी घालून मांड्या-पोटऱ्या घट्ट आवळा, आणि जागा मिळताच आडवे व्हा. शेजारचा कोसळला, तर त्याला आडवा करा, पाय वर उचला, श्वास पाहा. श्वास नसेल, तर छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करायला सांगा. शुद्धीवर आल्यावर त्याला आलेख जपून ठेवायला सांगा. आधी चढ आणि मग उतार दिसला, तर डॉक्टरांना त्याची मदत होते. पण सोबत तुम्ही पाहिलेलंही लिहून द्या: रंग कसा होता, किती वेळ पडला होता, आधी काय म्हणाला. कसलीही चाहूल न लागता, धावताना किंवा झोपलेला असताना कुणाची शुद्ध गेली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर घड्याळावर विसंबू नका. त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.