दुसरं घे ना

सीएच्या ऑफिसात आर्टिकल म्हणून नुकतीच लागलेली मुलगी पहिल्यांदा क्लायंटकडे जाते, तेव्हा तिच्या वाट्याला बहुधा वाहतूक खर्च येतो. बिलं पुष्कळ, रकमा लहान, डोकं फारसं लागत नाही, अशी सिनियरची समजूत. भोसरीतला सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना धरू. टॅलीत वाहतुकीच्या खात्यात वर्षभराच्या १,२०० नोंदी आहेत आणि त्यातल्या ४० व्हाउचिंगसाठी काढायच्या आहेत.

त्या काढायच्या खात्यातून, फाईलमधून नव्हे. अकाउंटंटने समोर आणून ठेवलेली फाईल उघडून त्यातलीच चाळीस बिलं घेतली, तर काम झपाट्याने उरकतं आणि एकूण एक बिल सापडतं. सापडणारच. जे बिल नाहीच, ते फाईलमध्ये असणार कसं?

मग एकेक नोंद घेऊन तिचा कागद शोधायचा. बिल कंपनीच्याच नावाचं आहे का, तारीख याच वर्षातली आहे का, रक्कम जुळते का, मंजुरीची सही कुणाची. बिलासोबतच्या बिल्टीवर माल उतरवून घेणाऱ्याचा शिक्का हवा. आणि गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरात त्या दिवशी त्या नंबरची गाडी बाहेर पडलेली दिसायला हवी. मला या सगळ्यात ते मळकं रजिस्टर सर्वांत मोलाचं वाटतं. टॅलीत काय चढलंय हे वॉचमनला ठाऊक नसतं, त्यामुळे हिशेब जुळवून घेण्याची त्याला गरजही नसते.

एकोणचाळीस जुळतात. फेब्रुवारीतली १८,४०० रुपयांची एक नोंद उरते, तिचं बिल मिळत नाही. अकाउंटंट काका भले गृहस्थ असतात. सकाळीच त्यांनी चहा मागवलेला असतो, डब्यातली भाजीही पुढे केलेली असते. ते म्हणतात, “अगं, ती फाईल जीएसटीवाल्यांकडे गेलीय. त्याच्याऐवजी दुसरं घे ना. ट्रान्सपोर्टर तोच, रक्कमही तेवढीच.”

यात काकांचा काही डाव असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतोच. पण दुसरं घेतल्याने काय होतं, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. नोंदी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, कुणाच्या मर्जीविना निवडल्या असतील, तर प्रत्येक नोंद तीस नोंदींच्या वतीने उभी असते. चाळीसच्या चाळीस स्वच्छ निघाल्या, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की संपूर्ण खात्यातल्या सदोष नोंदी साधारण ७ टक्क्यांहून जास्त नसाव्यात. एक सदोष निघाली की हीच मर्यादा ११ टक्क्यांवर जाते. बाराशेच्या खात्यात सुमारे ८५ नोंदींवरून १३५ वर. ती एक नोंद बदलली, की हा सगळा फरक कागदावरून पुसला जातो आणि वर्किंग पेपरवर चाळीस हिरव्या टिका दिसतात. टिका खोट्या नसतात, पण नमुना खोटा झालेला असतो.

ऑडिट सॅम्पलिंगचं मानक, एसए ५३०, याबाबत स्पष्ट आहे. व्हाउचर रीतसर रद्द झालेलं असेल, तर त्याच्या जागी दुसरं घ्यायला हरकत नाही. कागद नुसता सापडत नसेल, तर आधी पर्यायी पुरावा शोधायचा: बिल्टी, गेट रजिस्टर, ट्रान्सपोर्टरकडून थेट मागवलेला खातेउतारा. बँकेतून पैसे गेले एवढ्याने भागत नाही; पैसे गेले हे त्यातून कळतं, माल गेला हे कळत नाही. पर्यायी पुरावाही मिळाला नाही, तर ती नोंद सदोष म्हणून मोजायची.

कधी दोन दिवसांनी बिल अवतरतं. ते घ्यावं, पण शेजारच्या बिलांजवळ ठेवून पाहावं. त्याच ट्रान्सपोर्टरचं जानेवारीतलं बिल २१२ नंबरचं, मार्चमधलं २४० आणि हे फेब्रुवारीचं मात्र २५१, कागद कोरा करकरीत, तर मुलीने काकांशी वाद घालू नये. नंबर टिपून सिनियरकडे द्यावेत. पुढचं विचारणं त्याचं काम. आणि बिल सरळ असेल, तर ‘उशिरा मिळालं, पाहिलं’ एवढंही लिहून ठेवावं.

खरी अडचण काकांची नसतेच. नोंद सदोष ठरली की त्या ट्रान्सपोर्टरची वर्षाची सगळी बिलं काढावी लागतात, म्हणजे आणखी दीड-दोन दिवस. ऑडिटची फी मात्र आधीच ठरलेली असते आणि सिनियरला सोमवारी दुसऱ्या क्लायंटकडे जायचं असतं. “दुसरं घे ना” हे वाक्य पुष्कळदा तोच म्हणतो, फोनवरून.