ईदचे यजमानपद आणि पाहुण्याची जबाबदारी



मागच्या बकरी ईदनंतर काही महिन्यांनी बुवापाड्यातील आमच्या मशिदीत इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या मनात एक सल होता. ईदला ते बायकामुलांसह आपल्या थोरल्या भावाकडे राहिले होते. घर दोन खोल्यांचे, घरची माणसे चार, वर पाहुणे पाच, आणि मुक्काम तीन रात्रींचा. आता पुढच्या ईदविषयी बोलणे निघाले तेव्हा भाभी म्हणाल्या, "या वेळी मी माहेरी जाईन म्हणते." त्यांना ते लागले होते. "मौलाना, आमचे काय चुकले?" असे त्यांनी विचारले.

मी उलट विचारले, "निघताना भाभींना काय म्हणालात?" ते म्हणाले, "भाईजानना गळाभेट देऊन शुक्रिया म्हटले. भाभी आत भांडी घासत होत्या. आणि घरच्या माणसांचे आभार कसले मानायचे?"

बंधूंनो, उत्तर या दोन वाक्यांतच होते. बकऱ्याचे पैसे भाईजाननी दिले होते, हे खरे. परंतु पहाटे नळाला पाणी आले तेव्हा नऊ माणसांच्या हिशेबाने पिंपे कोणी भरली? गोश्ताचे वाटे झाल्यावर नातलगांच्या आणि गरजूंच्या पिशव्या कोणी बांधल्या? वजडी पुन्हा पुन्हा धुऊन स्वच्छ करणे, पाये भाजून खरवडणे, रात्री सर्वांची अंथरुणे घालून स्वतः ओट्याजवळच्या अरुंद जागेत आडवे होणे, हे सारे भाभींच्या वाट्याला आले. ज्यांनी कष्ट केले, त्यांच्यापर्यंत कृतज्ञतेचा एक शब्दही पोहोचला नाही.

आदरणीय प्रेषित (स.) यांची शिकवण स्पष्ट आहे की, जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही. या शिकवणीत घरच्यांना वगळलेले नाही. उलट, घरच्यांचे कष्ट रोजचे असल्याने तेच आधी नजरेआड होतात.

मदीनेतील एक प्रसंग माननीय अनस (रजि.) यांच्या कथनातून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. अन्सारांनी मुहाजिरांना घरात घेतले, कष्टाचा भार स्वतः उचलला आणि उत्पन्नात त्यांना वाटा दिला. मुहाजिरांना चिंता वाटली की, सारे पुण्य अन्सारच घेऊन जातील. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, जोपर्यंत तुम्ही त्यांच्यासाठी दुआ करता आणि त्यांची प्रशंसा करता, तोपर्यंत तसे होणार नाही. पाहुण्याकडे परतफेडीची ऐपत नसली तरी दुआ आणि प्रशंसा ही दोन कर्तव्ये उरतातच, हे यातून कळते.

प्रशंसा म्हणजे "जेवण छान होते" एवढेच नव्हे. जे काम झाले त्याचे नाव घेऊन बोलावे. "तुम्ही तीन रात्री नीट झोपला नाहीत, हे आम्ही पाहिले," या वाक्याने भाभींना कळते की आपले श्रम कोणीतरी पाहिले. पडद्याचे निमित्त येथे चालत नाही. भावाच्या उपस्थितीत, अदबीने, दारातून चार शब्द बोलता येतात. अथवा आपल्या पत्नीकरवी आवर्जून पोहोचवता येतात. उपकारकर्त्याला "जज़ाकल्लाहु खैरन" म्हणणाऱ्याने प्रशंसेची पराकाष्ठा केली, असे हदीसमध्ये आहे. पण ते ज्याचे त्याच्याच कानी पडले पाहिजे.

तिसरी गोष्ट परतफेडीची. उपकाराची फेड करावी, आणि ते शक्य नसेल तर फेड झाली असे वाटेपर्यंत दुआ करीत राहावे, अशी आज्ञा आहे. निघताना नोटा हातात कोंबल्या तर यजमानाला आपण खानावळ चालवली असे वाटू शकते. त्यापेक्षा येतानाच तांदूळ, तेल, कांदे घेऊन यावे. पुरुषांनी पाणी भरावे, अंथरुणे उचलावीत. आणि मुक्काम आवरता घ्यावा, यजमान अडचणीत येईल इतके त्याच्याकडे राहणे प्रेषितांनी (स.) अवैध ठरविले आहे. "राहा ना अजून" हा आग्रह पुष्कळदा केवळ सौजन्याचा असतो. घरात पाणी किती उरले आहे, भाभी जेवायला किती वाजता बसतात, हे पाहिले की खरे उत्तर मिळते.

त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला आणि भाभींशीही बोलले. आभार मानायला उशीर झाल्याबद्दल आधी माफी मागितली, मग पाण्याच्या पिंपांपासून एकेक गोष्ट सांगितली. भाभी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या लक्षात होते तर!" माहेरी जाण्याचा बेत मात्र त्यांनी बदलला नाही. मी त्या गृहस्थांना म्हणालो, "त्यांना जाऊ द्या. त्यांनाही एखादी ईद पाहुणी म्हणून मिळू द्या. आणि भाईजान व मुलांना या वर्षी तुम्ही तुमच्या घरी बोलवा."

हे अल्लाह! ज्यांनी आम्हाला आपल्या घरी खाऊ घातले, त्यांच्या रोजीत बरकत दे, त्यांना क्षमा कर आणि त्यांच्यावर दया कर. आमीन.