ओव्हनचं नाव घेऊ नकोस

ती वाटी इकडे आण. चमचा घाल. काय दिसतंय? कडेने पिवळसर पाणी सुटलंय, आत भोकं पडलीत आणि जिभेवर रवाळ लागतंय. याला बेक्ड योगर्ट म्हणतोस? हे गोड पनीर आहे! आणि वर तोंड करून सांगतोस, ‘सर, ओव्हनच बेकार आहे.’ नाचता येईना, अंगण वाकडं!

साहित्यात तुझी चूक नाही. चक्का, कंडेन्स्ड मिल्क आणि क्रीम, तिन्ही २०० ग्रॅम, काट्यावर मोजलेलं. दही ताजं, बिनआंबट. चक्का रात्रभर फ्रिजमध्ये टांगलेला. म्हणजे अवघड होतं ते सगळं केलंस आणि जिथे फक्त गप्प बसायचं होतं, तिथे माती खाल्लीस.

ओव्हन किती डिग्रीवर लावला होतास? खरं सांग. १५० वर लावून, मग गुपचूप २०० वर नेलास ना? ‘पाहुणे यायची वेळ झाली होती.’ मग पाहुण्यांना बसवायचं, सरबत द्यायचं. घाई त्यांना होती, दह्याला नव्हती. अरे, यात अंडं नाही, मैदा नाही. दुधातल्या प्रथिनांच्या जाळ्यावर सगळा डोलारा उभा आहे. ते जाळं हळूहळू तापलं तर पाणी पोटात धरून ठेवतं. फाजील तापलं की आकसतं आणि पाणी बाहेर टाकतं. मग फ्रिजमध्ये ठेवून ‘होईल सेट’ म्हणत बसलास. सुटलेलं पाणी आत कसं जाईल? कोणाला फसवत होतास?

‘ट्रेमध्ये पाणी घातलं होतं की!’ घातलं होतंस. बोटभर. तेही नळाचं, गार. रेसिपीत पाणी लिहिलंय म्हणून पाणी दाखवलं, असा नैवेद्य झाला तो. पाणी कशासाठी असतं, हे तुला मी शिकवलं नव्हतं? ओव्हनमधली हवा १५० असली तरी पाणी काही १०० च्या वर चढत नाही. वाफ सुटत असते, म्हणून ते त्याच्याही खालीच राहतं. त्यामुळे वाटीच्या कडा सांभाळल्या जातात आणि मधला भाग शिजेपर्यंत कडा फुटत नाहीत. पण पाणी जिथवर पोचतं, तिथवरच हा बंदोबस्त. तुझ्या बोटभर पाण्याने तळ तेवढा वाचला. पाणी वाटीच्या निम्म्या उंचीपर्यंत हवं, आणि कढत हवं. गार घातलंस म्हणून आधी पाणी तापण्यातच वेळ गेला, वाटीतलं पातळच राहिलं, तुझा धीर सुटला आणि हात बटणाकडे गेला. ओव्हन बिचारा तू सांगशील तेवढंच तापला.

वाट्यांखाली जुना नॅपकिन अंथरायचा, वर फॉइल लावायची, ट्रे आत सरकवून मगच किटलीने पाणी ओतायचं. दोन मिनिटांचं काम. कंटाळा केलास. आणि मिश्रण इलेक्ट्रिक बीटरने कशाला घुसळलंस? केक करत होतास? त्यातली हवाच वर येऊन भोकं पडली. चमच्याने हलक्या हाताने ढवळायचं आणि गाळून घ्यायचं.

आता मुख्य गुन्हा. झालं की नाही, हे कसं पाहिलंस? सुरी खुपसून! सुरी स्वच्छ निघेपर्यंत थांबलास, म्हणजे वेळ टळून गेल्यावर थांबलास. इथे सुरी चालत नाही, डोळा चालतो. लहान वाट्या असल्या की विसाव्या मिनिटाला फॉइल उचलायची आणि वाटीला हलकेच धक्का द्यायचा. सगळंच पाण्यासारखं डुचमळलं, लाटा उठल्या, तर कच्चं आहे. फॉइल लाव आणि पाच मिनिटांनी परत बघ. कडा गप्प बसल्या आणि मधला रुपयाएवढा भाग जेलीसारखा एकसंध थरथरला, की झालं. तेव्हाच काढायचं. काहीच हललं नाही तर उशीर झाला, मग कितीही हळहळ.

‘पण सर, मध्ये कच्चं वाटतं!’ वाटू दे. बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेवर ते थोडं शिजतच राहतं, आणि गार झाल्यावर घट्ट होतं. म्हणून तर वाट्या लगेच पाण्यातून उचलायच्या. तू ओव्हन बंद करून त्यांना तशाच गरम पाण्यात सोडून गप्पा मारायला गेलास. म्हणजे वेळेवर बंद केलं असतंस, तरी वाट लागलीच असती. बाहेर काढून कोमट होऊ द्यायच्या, मग झाकून निदान चार तास फ्रिजमध्ये. पाहुणे रात्री येणार असतील तर हे दुपारीच व्हायला हवं. आदल्या दिवशी केलंस तर कोणी फाशी देत नाही.

ही वाटी राहू दे इथेच. अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क उरलंय ना? मग आज दही टांग. उद्या सकाळी ये. ओव्हन १५० वर लावशील आणि बटणाला हात लावलास तर बघ.