चार भाकरी आणि एक प्रश्न

एका गावच्या शाळेत सहावीला एक मुलगी होती. अक्षर नीटनेटकं, गृहपाठ रोजचा रोज. पण वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

एके दिवशी गणिताच्या बाईंनी अपूर्णांकांचा भागाकार शिकवायला घेतला. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ४ ÷ २/३. मग म्हणाल्या, "भागाकाराच्या जागी गुणाकाराचं चिन्ह घाला आणि दुसरा अपूर्णांक उलटा करा." त्यांनी पुढची पायरी लिहिली, ४ × ३/२. बारा भागिले दोन, उत्तर ६.

मुलगी फळ्याकडे पाहत राहिली. चाराला भागलं आणि उत्तर चाराहून मोठं कसं आलं? आणि तो अपूर्णांक उलटा का करायचा? तिने हात अर्धा वर नेला. तेवढ्यात तिला मागच्या आठवड्यातला प्रसंग आठवला. एका मुलाने प्रश्न विचारला होता आणि शेवटच्या बाकावरची मुलं हसली होती. तिने वर नेलेल्या हाताने केस सारखे केले आणि तो खाली घेतला.

बाईंनी विचारलं, "समजलं ना?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो, बाई." ती मुलगीही म्हणाली.

घरी तिने नियम पाठ केला. पंधरा दिवसांनी घटक चाचणी झाली. प्रश्न असा होता: ६ लिटर दूध पाऊण लिटरच्या पिशव्यांत भरायचं आहे, तर किती पिशव्या लागतील? काहीतरी उलटं करायचं, एवढं तिला आठवलं. कोणतं, ते आठवेना. तिने पहिली संख्या उलटी केली. १/६ × ३/४, म्हणजे ३/२४, म्हणजे १/८. सहा लिटर दुधाला एका पिशवीचा आठवा भाग! हे चुकलंय, हे तिलाही दिसत होतं. पण कुठे चुकलं, ते दिसत नव्हतं. तिने तसाच पेपर दिला.

बाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, "बुधवारी चौथा तास मला मोकळा असतो. तेव्हा तुम्हाला खेळाचा तास असतो. ज्याला शंका असेल, त्याने शिक्षकखोलीत यावं." आजवर कुणीच गेलं नव्हतं.

त्या बुधवारी मुलगी शिक्षकखोलीच्या दारापर्यंत गेली. बाई वह्या तपासत होत्या. ती तशीच परत फिरली. पुढच्या बुधवारी ती पुन्हा दाराशी उभी राहिली. शाळेतल्या शिपाई मावशी पाण्याची कळशी घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "बाईंकडे आलीस ना? मग इथे काय उभी? जा की आत."

मुलगी आत गेली. हळूच म्हणाली, "बाई, मला भागाकार समजला नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सगळाच भागाकार?"

मुलगी गप्प झाली.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वही घेऊन ये. बाहेर व्हरांड्यात बस. वर्गात केलेलं उदाहरण एकेक पायरी करून लिही. जिथे 'असं का?' वाटेल, तिथे खाली रेघ मार. मग मला दाखव."

मुलगी व्हरांड्यात बसली. तिने पायऱ्या लिहिल्या. गुणाकार येत होता. संक्षेप येत होता. शेवटचा भागाकारही येत होता. रेघ मारावी अशी एकच जागा सापडली. आपल्याला काहीच येत नाही, असं तिला इतके दिवस वाटत होतं. अडलं होतं ते फक्त एका ओळीत.

तिने वही बाईंसमोर ठेवली आणि रेघेवर बोट ठेवलं. "बाई, इथे २/३ उलटा का केला?"

"आता मला सांगता येईल," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर चार गोल काढले. "या चार भाकरी. प्रत्येकाला भाकरीचे दोन तृतीयांश द्यायचे. किती जणांना पुरतील? आधी प्रत्येक भाकरीचे तीन सारखे तुकडे कर."

मुलीने प्रत्येक गोलाचे तीन भाग केले. "बारा तुकडे झाले."

"म्हणजे चाराला तू कितीने गुणलंस?"

"तीनने."

"आता एकेकाला किती तुकडे द्यायचे?"

"दोन." मुलीने दोन-दोन तुकड्यांभोवती रेघ ओढली. सहा गट झाले. "सहा जणांना पुरतील."

"म्हणजे बाराला दोनने भागलंस. आधी तीनने गुणलं, मग दोनने भागलं. ते एकत्र कसं लिहिशील?"

मुलीने लिहिलं, ४ × ३/२. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. उलटा झालेला अपूर्णांक तिने आत्ता स्वतःच लिहिला होता.

"समजलं, बाई!"

"समजलं की नाही, ते उदाहरण सांगेल. चाचणीतलं दूध घे."

मुलीने कागद जवळ ओढला. सहा लिटरचे पाव-पाव लिटर केले, चोवीस झाले. पाऊण लिटर म्हणजे तीन पाव. चोवीस भागिले तीन. "आठ पिशव्या." मग तिने स्वतःच पडताळलं. आठ वेळा पाऊण म्हणजे सहा. बरोबर.

तास संपत आला होता. बाई म्हणाल्या, "एक काम कर. अपूर्णांक उलटा का करायचा, हा प्रश्न उद्या वर्गात मला विचार."

मुलगी दचकली. "पण बाई, मला तर आता उत्तर येतंय."

"म्हणून तर सांगतेय. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारायला भीती कमी वाटते. एकदा वर्गात तुझा आवाज निघू दे."

दुसऱ्या दिवशी मुलीने हात वर केला. या वेळी पूर्ण वर केला. आवाज थोडा कापत होता. "बाई, दुसराच अपूर्णांक उलटा का करायचा?"

शेवटच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाईंनी वर्गाला विचारलं, "कोण सांगेल?" कुणाचाच हात वर आला नाही. नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगाही मान खाली घालून बसला. त्याला नियम येत होता, कारण येत नव्हतं. त्या दिवशी बाईंनी चार भाकरी फळ्यावर काढल्या आणि सगळ्या वर्गाने त्या वहीत उतरवल्या. मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावरचा एक मुलगा तिच्याजवळ आला. म्हणाला, "बरं झालं विचारलंस. मलाही कळलं नव्हतं."

आठवड्याने मुलीचा हात पुन्हा वर गेला. या वेळी उत्तर तिला ठाऊक नव्हतं. "बाई, प्रत्येकाला शून्य भाकरी दिली, तर चार भाकरी किती जणांना पुरतील?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "कितीही जण आले, तरी भाकरी संपणारच नाहीत. शून्याला कोणत्याही संख्येने गुणलं, तरी चार होत नाहीत. म्हणून शून्याने भागत नाहीत." मग त्या वर्गाकडे वळल्या. "आणखी कुणाला काही विचारायचंय?"

तीन हात वर आले.

तात्पर्य: नेमकं कुठे अडलं ते आधी शोधावं, मग शंका एकट्याने विचारून धीर मिळवावा. पुढे तीच चारचौघांत विचारली, की अनेकांची अडचण सुटते.